एकाच मुलीला ८ पण आणि ४ पण: इम्पोर्ट डेस्कच्या एका भरतीचं प्रकरण

सानपाड्यात आमचं फ्रेट फॉरवर्डिंगचं ऑफिस आहे. न्हावा शेवाला उतरणाऱ्या कंटेनरचे कागद करायचे, कस्टम्सचं क्लिअरन्स करून घ्यायचं आणि माल पार्टीच्या गोडाउनला पोचेपर्यंत मागे लागायचं हे काम. मी तिथे एचआर बघते. हे प्रकरण सीनियर इम्पोर्ट एक्झिक्युटिवच्या एका जागेचं आहे. जागा एकच होती पण त्या एका जागेने आमची इंटरव्ह्यू घ्यायची पद्धतच बदलली, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. कुणाकडे पॅनल असेल आणि दर वेळी शेवटी "मग काय, घ्यायचं का?" यावर गाडी अडत असेल तर उपयोग होईल.

पॅनलमध्ये चौघं. ऑपरेशन्स हेड सर, इम्पोर्ट डेस्क सांभाळणाऱ्या मॅडम, अकाउंट्सचे सर आणि पार्टीशी रोज बोलणाऱ्या टीमचा लीड. शेवटी उरलेले उमेदवार दोन. एक कामोठ्याची मुलगी, छोट्या कस्टम्स ब्रोकरकडे काम केलेली, जिथे चार माणसं सगळंच करतात. दुसरा कळव्याचा मुलगा, मोठ्या मल्टिनॅशनल लॉजिस्टिक्स कंपनीतला, इंग्लिश फाडफाड, सीव्ही एकदम टापटीप.

आमचा जुना फॉर्म म्हणजे अर्ध्या पानाचा कागद. नाव, अनुभव, ओव्हरऑल रेटिंग १० पैकी, आणि रिमार्क्ससाठी दोन ओळी. मुलीच्या चार फॉर्मवर जे होतं ते जसंच्या तसं देते. मॅडम: "व्हेरी गुड. शार्प. हायर." ८. ऑपरेशन्स सर: "कॉन्फिडन्स कमी. कल्चर फिट वाटत नाही." ४. अकाउंट्सचे सर: "अॅव्हरेज, ओके." आधी ७ लिहून खोडलेलं, वर ५. लीड: "नाइस पर्सन, गुड अटिट्यूड." ७. बेरीज २४, सरासरी ६. मुलाला ६, ८, ७, ७ म्हणजे सरासरी ७. आमच्याकडे रिवाज असा की ७ आलं की ऑफर. म्हणजे मुलाला ऑफर जायला हवी होती, आणि मॅडम अडून बसल्या की तो माझ्या डेस्कवर बसणारे, फाइल माझ्या सहीने जाते, मला पटत नाही.

आता सहा हा आकडा बघा. त्या मुलीला सहाच्या लायकीची असं चौघांपैकी एकानेही म्हटलेलं नाही. एकाला ती उत्तम वाटली, एकाला नकोशी, आणि सरासरीने ते भांडणच गायब केलं, जे खरं तर सगळ्यात कामाचं होतं. दोन जाणती माणसं एकाच व्यक्तीबद्दल चार गुणांनी लांब असतील तर एकतर त्यांनी वेगळं काहीतरी ऐकलंय नाहीतर ती वेगळ्या गोष्टीला मार्क देतायत, आणि हे समजल्याशिवाय पुढे जायचं कसं?

म्हणून चौघांशी वेगवेगळं बोलले. प्रश्न एकच, हा आकडा कुठल्या उत्तरावरून दिलात? मॅडमनी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सकडे भरायचा फॉर्म, भरल्यावर चूक सापडली तर काय करायचं हे विचारलं होतं आणि तिने पायरीपायरीने सांगितलं होतं. ऑपरेशन्स सरांनी "स्वतःबद्दल सांगा" आणि "पाच वर्षांनी कुठे असाल" विचारलं होतं, त्यात ती अडखळली. अकाउंट्सच्या सरांनी पगाराची अपेक्षा आणि नोटीस पीरियड. लीडने टीमवर्कबद्दल गप्पा मारल्या. चार माणसांनी चार वेगळ्या परीक्षा घेतल्या आणि मार्क मात्र एकाच रकान्यात टाकले. आणि तो खोडलेला ७? पॅन्ट्रीत चहा घेताना ऑपरेशन्स सर म्हणाले होते "जमेल असं वाटत नाही", त्यानंतर परत येऊन खाली आणलेला. अकाउंट्सच्या सरांनी हे सरळ सांगितलं, आणि त्यात त्यांचा दोष काढण्यासारखं काही नाही, सीनियर माणूस आधी बोलला की दुसऱ्याचा हात आपसूक हलतो.

कॉन्फिडन्सचं पण तसंच. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले होते, शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे रकाने, आणि त्याला दिसलं की सगळे आकडे संशय यावा इतके एकत्र वरखाली होतायत. एक छाप पडली की ती सगळ्या रकान्यांत उतरते. आमच्या फॉर्ममध्ये तर रकाना एकच होता, म्हणजे छापेशिवाय दुसरं काही उतरायला जागाच नव्हती.

डायरेक्टरांनी परवानगी दिली की दोघांनाही पुन्हा बोलवा, पण नीट पद्धत ठरवून. मग मॅडम आणि मी बसलो. सुरुवात गुणांच्या यादीपासून केली नाही, या डेस्कवर पैसा आणि नाव कशाने जातं तिथपासून केली. कागदांतली तफावत उशिरा सापडली की दुरुस्तीत दिवस जातात. दिवस गेले की शिपिंग लाइनने कंटेनर फुकट ठेवायला दिलेले फ्री डेज संपतात आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवल्याचा रोजचा आकार, सुरू होतं, कंटेनर जिथे ठेवतात त्या सीएफएस यार्डचं भाडं वेगळं. पार्टीला हे वेळेत सांगितलं नाही तर ती आपल्यावर फिरते. आणि नियम बदलत राहतात, जो वाचत नाही तो जुन्याच पद्धतीने भरत बसतो. यातून चार निकष निघाले: कागद ताडून बघणं, मुदतीचं भान, वाईट बातमी सांगणं, नवीन नियम स्वतःहून शिकणं. ऑपरेशन्स सरांना लीडरशिप, इनिशिएटिव्ह, प्रेझेंटेशन असं अजून घालायचं होतं, पण पंचेचाळीस मिनिटांत चारच्या वर निकष घेतले की एकेकाला नीट पुरावा मिळत नाही आणि मग माणूस अंदाजाने रकाने भरतो, त्यामुळे चारच ठेवले.

प्रत्येक निकष दोघांनी तपासायचा, स्वतंत्रपणे, म्हणजे तुलना करता येते. एकाच माणसाने चारही तपासले तर परत छाप आली. आणि कुठला निकष अडवणारा हे आधीच ठरवलं: कागद ताडण्यात ३ च्या खाली असेल तर बाकी कितीही चांगलं असो, या जागेला नाही. हे मुलाखतीआधी लिहून ठेवलं, कारण नंतर ठरवलं की आपल्याला आवडलेल्या उमेदवाराच्या सोयीने नियम वाकतो.

स्केल १ ते ४, मधला आकडा नाही. पाचाचं असतं तर सगळे ३ वर जाऊन बसले असते. पण स्केलपेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक आकड्यासमोर काय दिसलं तर तो द्यायचा ते लिहिलेलं असणं. कागद ताडण्याचं उदाहरण सविस्तर सांगते कारण सगळी मेख इथेच आहे.

मॅडमनी एक बनावट सेट तयार केला, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइन मालासाठी देते ती पावती, बीएल, आणि त्यात मुद्दाम तीन तफावती पेरल्या. पहिली, पॅकिंग लिस्टवर ग्रॉस वेट १८,२४० किलो आणि बीएलवर १८,४२०. दुसरी, इन्व्हॉइसवर सीआयएफ, म्हणजे भाडं विकणाऱ्याने भरलेलं, आणि बीएलवर फ्रेट कलेक्ट, म्हणजे भाडं इथे घेणाऱ्याने द्यायचं. दोन्ही एकदम बसत नाही, आणि ड्यूटीसाठी किंमत धरताना त्यात भाडं येतं, त्यामुळे इथे गोंधळ झाला तर व्हॅल्यूच चुकते. तिसरी, मालाचं वर्णन सोलेनॉइड व्हॉल्व आणि सप्लायरने टाकलेला एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाच्या वर्गवारीचा नंबर, ८४१३ ने सुरू होणारा. ८४१३ पंपांचा, व्हॉल्व ८४८१ मध्ये येतात. वेळ वीस मिनिटं, नंतर दहा मिनिटं तोंडी प्रश्न.

मग आकडे असे. १: एकही तफावत सापडली नाही, किंवा फक्त स्पेलिंग आणि पत्त्यातल्या चुका पकडल्या. २: वजनातली सापडली, पण ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची ते सांगता आलं नाही, किंवा बाकीच्या दोन्ही सुटल्या. ३: वजन आणि भाड्याची, दोन्ही सापडल्या, आणि बीएलची दुरुस्ती शिपिंग लाइनकडून, इन्व्हॉइसची सप्लायरकडून हे बरोबर सांगितलं. ४: तिन्ही सापडल्या, आणि बिल ऑफ एन्ट्री भरण्याआधी कुठल्या सोडवल्याच पाहिजेत ते कारणासकट सांगितलं. हे वाचून अकाउंट्सचे सर म्हणाले, "मला इम्पोर्टचं एवढं कळत नाही, पण याच्यावरून मी पण मार्क देऊ शकेन." तेच हवं होतं.

वाईट बातमीच्या निकषाचे आकडे पण अशाच भाषेत. ४ कधी, तर पार्टीला कधी सांगितलं, रुपयांत काय अंदाज दिला आणि पुढे कुठले पर्याय ठेवले, हे तिन्ही उत्तरात आलं तर. तीनपैकी दोन आले तर ३, एक आलं तर २, आणि "मी व्यवस्थित समजावून सांगते" एवढंच आलं तर १.

आता शेरे. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते आकड्यापेक्षा शेरा महत्त्वाचा, कारण आकडा एकदा पडला की त्याच्यामागचं सगळं बंद होतं, शेरा मात्र दुसऱ्याला उघडून बघता येतो. नियम एकच ठेवला: जो माणूस त्या खोलीत नव्हता त्याने फक्त तुमचा शेरा आणि स्केल वाचून तोच आकडा द्यायला हवा. नाही जमलं तर शेरा अपुरा. त्यासाठी शेऱ्यात तीन गोष्टी लागतात, काय विचारलं, उमेदवाराने काय सांगितलं किंवा केलं, शक्यतो त्याच्याच शब्दांत, आणि ते स्केलच्या कुठल्या ओळीला लागतं.

जुना शेरा "कॉन्फिडन्स कमी" घ्या. यावरून कोणी काय करणार? तोच अनुभव नव्या पद्धतीने असा उतरला: "स्वतःबद्दल विचारल्यावर दोनदा थांबली, वाक्य परत सुरू केलं. कंटेनर अडकल्याचा प्रसंग विचारल्यावर न थांबता तारखांसकट सांगितला." एकदम दिसतं की अडखळणं कामाच्या प्रश्नावर नव्हतं. "शार्प" हा शब्दही तितकाच पोकळ, तो आपल्या बाजूचा असला तरी. मॅडमना मी तेच म्हटलं की तुमचं "व्हेरी गुड, शार्प" आणि सरांचं "कॉन्फिडन्स कमी" हे सारख्याच वजनाचं आहे, दोन्हीमागे काही नाही. त्यांनी ते मानलं आणि त्यानंतर त्यांचे शेरे पॅनलमध्ये सगळ्यात चांगले असतात.

कल्चर फिट, वाइब, अटिट्यूड, स्पार्क हे शब्द फॉर्मवर एकटे चालणार नाहीत असं ठरवलं. म्हणायचंच असेल तर कुठल्या वागण्यावरून ते लिहायचं. बऱ्याचदा ते वागणं शोधायला गेलं की सापडत नाही, आणि सापडलं तर आपल्यासारखं बोलतो, आपल्या भागातला आहे असंच काहीतरी निघतं.

अजून एक गोष्ट, जी आमच्याकडे तोंडी चालायची. मुलगी असेल तर "लग्न ठरलंय का, किती दिवस टिकणार", "कामोठ्याहून रात्री कशी जाणार". हे बंद. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान मोबदला कायद्यानेच मनाई केली होती आणि त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही ती आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी हा प्रश्न कामाचा पुरावा देत नाही. कामाची खरी अट काय आहे? कधी कधी वेसल अवेळी लागते आणि रात्री फोन घ्यावा लागतो, काही शनिवार यावं लागतं. मग तेवढंच दोघांनाही सारख्या शब्दांत सांगायचं आणि जमेल का विचारायचं. मुलाला पण विचारलं. तो म्हणाला महिन्यातून दोन शनिवार जमतील, सगळे नाही, आणि हे जुन्या पद्धतीत आम्हाला कळलंच नसतं कारण त्याला कोणी विचारलंच नसतं.

आणि एक रकाना वाढवला: "पुरावा मिळाला नाही". उमेदवाराने वाईट उत्तर दिलं आणि आपण विचारलंच नाही किंवा त्याच्याकडे तसा अनुभवच नाही, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पण रकाना रिकामा ठेवता येत नसेल तर लोक १ किंवा मधलं काहीतरी टाकतात आणि तो आकडा मग खरा समजला जातो.

दुसऱ्या फेरीला अडचण उघड होती, पॅनल तेच, म्हणजे मतं आधीच बनलेली. चारही नवीन माणसं आणणं आमच्यासारख्या ऑफिसला शक्य नाही. म्हणून कागदांच्या चाचणीची लेखी उत्तरं नाव काढून, फक्त नंबर टाकून दोघांना तपासायला दिली, आणि तोंडी भाग तिसऱ्याने विचारून उत्तरं लिहून आणली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप करून दिली. बाकी तीन निकषांना हे शक्य नव्हतं, तिथे आधीचा पूर्वग्रह थोडा राहिलाच असणार, ते मान्य करूनच पुढे गेलो.

मुलाखतीनंतर लगेच पंधरा मिनिटं फॉर्मसाठी राखीव, कॅलेंडरमध्येच ब्लॉक केली. फॉर्म गुगल फॉर्मवर, निकालाचा गोषवारा कोणाला दिसणार नाही असं सेटिंग, आणि चौघांचे फॉर्म आल्याशिवाय पॅन्ट्रीत, लिफ्टमध्ये, व्हॉट्सअॅपवर उमेदवाराबद्दल एक शब्द नाही. शीटमध्ये मी सरासरीचा रकानाच ठेवला नाही. त्याऐवजी प्रत्येक निकषाच्या दोन आकड्यांसमोर हे टाकलं:

```
=IF(COUNT(C2:D2)<2,"पुरावा अपुरा",IF(MAX(C2:D2)-MIN(C2:D2)>=2,"चर्चा",""))
```

दोघांपैकी एकाने आकडा दिलाच नसेल तर "पुरावा अपुरा", दोघांत दोन किंवा जास्त फरक असेल तर "चर्चा". एकाचा फरक असला तर सोडून द्यायचं, तेवढं माणसामाणसात असतंच.

निकाल काय आला? कागद ताडण्यात मुलीला ४ आणि ३, मुलाला २ आणि २. त्याला वजन सापडलं, कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, पत्त्यातली एक खरीखुरी टायपिंगची चूक पण सापडली जी मॅडमनी पेरली नव्हती, पण सीआयएफ आणि फ्रेट कलेक्ट शेजारीशेजारी असून सुटलं आणि कोडकडे बघितलंच नाही. तोंडी विचारल्यावर त्याने सांगितलं की त्यांच्याकडे क्लासिफिकेशनची टीम वेगळी होती, त्याच्याकडे तयार कोड यायचा. मोठ्या ठिकाणी काम वाटलेलं असतं, तो खोटं काही बोलत नव्हता. मुदतीच्या भानात मात्र तो पुढे, ४ आणि ४, कारण वेसलची तारीख, फ्री डेज आणि कागद कधी आले याचा ट्रॅकर तो रोज कसा बघायचा, कुठल्या दिवशी कोणाला आठवण जायची हे त्याने तोंडपाठ सांगितलं. मुलीला तिथे ३ आणि ३, ती सगळं डायरीत ठेवायची, चालायचं, पण तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळायचं नाही.

"चर्चा" एकाच ठिकाणी उगवलं. वाईट बातमी सांगणं, मुलीला लीडने ४ आणि ऑपरेशन्स सरांनी २. मीटिंगला आधी शेरे मोठ्याने वाचले, आकडे नाही, आणि सगळ्यात ज्युनिअर माणूस आधी, म्हणजे लीड. त्याचा शेरा: "प्रसंग विचारला. कस्टम्सची क्वेरी आल्याने कंटेनर सीएफएसला अडकला. त्याच दिवशी पार्टीला फोन केला की आज सुटणार नाही. शुक्रवार उजाडला तर डिटेन्शन किती आणि सीएफएसचं भाडं किती याचा अंदाज दिला. म्हणाली, 'तुम्ही कॅटलॉग आज पाठवला तर उद्या उत्तर टाकते, नाही पाठवला तर माल सुटेपर्यंत हे रोज वाढत जाईल.' कधी, किती, पर्याय, तिन्ही आले." सरांचा शेरा: "तोच प्रसंग इंग्लिशमध्ये सांगायला सांगितलं. वाक्यं तुटक. परदेशी एजंटसमोर कंपनीची छाप पडणार नाही."

म्हणजे दोघांनी ऐकलेला प्रसंग एकच होता! फक्त सरांनी स्केलमध्ये नसलेल्या गोष्टीला मार्क दिले. मॅडम लगेच म्हणाल्या की मग २ चुकीचा, ४ धरा. पण मी तिथे थांबवलं, कारण सरांची काळजी निराधार नव्हती, या डेस्कला शांघाय, हॅम्बुर्गच्या एजंटांशी रोज इंग्लिशमध्ये बोलावं लागतं. प्रश्न असा की ते बोलणं होतं कसं? मॅडम म्हणाल्या जवळजवळ सगळं मेलवर, फोन क्वचित. मग हवं ते लेखी इंग्लिश, आणि ते आम्ही कोणाचंच तपासलेलं नव्हतं. दोघांनाही तीच छोटी परीक्षा दिली: परदेशी एजंटला मेल लिहा की बीएलवरची फ्रेट टर्म दुरुस्त करून हवी, वेळ पंधरा मिनिटं. मोजायचं काय ते परत आधी लिहिलं: बीएल नंबर, आत्ता काय आहे, काय हवंय, कधीपर्यंत हवंय, सोबत काय जोडलंय.

मुलाच्या मेलची भाषा छान, गुळगुळीत, पण कधीपर्यंत हवंय ते नव्हतं. मुलीचा मेल सहा ओळींचा, एक आर्टिकल चुकलेलं, पण पाचही गोष्टी जागेवर. सरांनी मेल दोनदा वाचला आणि म्हणाले, "याच्यावर एजंट उलट प्रश्न विचारणार नाही." त्यांनी स्वतः २ चा ३ केला. आमच्या फॉर्ममध्ये जुना आकडा पुसला जात नाही, खाली नवा आकडा आणि कारण लिहावं लागतं, त्यांनी लिहिलं: "बोलण्याच्या इंग्लिशला मार्क दिले होते, कामात लेखी लागतं, मेल पाहिला." चर्चेनंतर आकडा बदलणं वाईट नाही, फक्त बदल एखाद्या पुराव्याने झाला की आवाजाने, हे नंतर बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

मुलाच्या बाबतीत वाईट बातमीच्या प्रश्नाला लीडला आधी "मी ट्रान्स्परन्ट राहतो, एस्कलेशन मॅट्रिक्स फॉलो करतो" असं उत्तर मिळालं. एखादा प्रसंग सांगा म्हटल्यावर तो म्हणाला क्लायंटशी बोलायला वेगळी टीम होती. इथे १ टाकणं सोपं होतं. लीडने ते न करता ठरल्याप्रमाणे "समजा" वाला प्रश्न विचारला, समजा तुमचा कंटेनर अडकलाय आणि पार्टीची फॅक्टरी उद्या थांबणारे, तर फोनवर पहिली तीन वाक्यं काय बोलाल? त्यावर त्याने चांगलं उत्तर दिलं, ३ मिळाले, आणि शेऱ्यात "घडलेला प्रसंग नाही, समजा-प्रश्नावर" असं नमूद केलं.

ऑफर मुलीला गेली, कागदांचा निकष आधी ठरलेला असल्याने त्यावर वाद झाला नाही. मुलाला मी फोन केला. "तुमचा प्रोफाइल होल्डवर आहे" वगैरे न करता सांगितलं की ट्रॅकर आणि मुदतीच्या बाबतीत तुम्ही पॅनलला सगळ्यात चांगले वाटलात, पण या जागेला कोड आणि फ्रेट टर्म स्वतः ताडाव्या लागतात आणि चाचणीत त्या दोन्ही सुटल्या. त्याने कुठल्या ते विचारलं, मी सांगितलं. असा फोन करता आला कारण फॉर्मवर एकही वाक्य असं नव्हतं जे त्याच्यासमोर वाचायला मला अवघड गेलं असतं. दुसऱ्या उमेदवाराबद्दल मात्र काही बोलायचं नाही, त्याची तुलना फक्त स्केलशी.

यानंतरही सगळं सुरळीत असतं असं नाही. फॉर्म मनापासून भरलाय की उरकलाय हे ओळखायच्या दोन-तीन खुणा आता मला माहीत झाल्यात. दिलेल्या सगळ्या निकषांना एकच आकडा असेल तर छाप बोलतेय. शेऱ्यात फक्त विशेषणं आणि एकही क्रियापद नाही, तर ऐकलेलं काही आठवत नाहीये. फॉर्म दुसऱ्या दिवशी दुपारी आलाय, तर तो आठवणीपेक्षा ठरवलेल्या निकालावरून लिहिलेला असण्याची शक्यता जास्त. असे फॉर्म मी परत पाठवते, "हे कुठल्या उत्तरावरून?" एवढंच लिहून.

दुसरं म्हणजे मॅडम कडक आहेत आणि अकाउंट्सचे सर हात सैल सोडतात, हे स्केल लिहूनही पूर्ण गेलेलं नाही. गणिताने त्यांचे आकडे वरखाली करायचा विचार कोणीतरी सुचवला होता, तो मी नाकारला, इतक्या थोड्या मुलाखतींवर असं काही काढणं म्हणजे उगाच अचूकतेचा देखावा. त्याऐवजी भरती सुरू होण्याआधी डेस्कवरचंच कोणीतरी उमेदवार बनून दोन ठरलेली उत्तरं देतं, सगळे वेगवेगळे मार्क देतात आणि मग फरक का पडला ते स्केलच्या ओळीवर बोट ठेवून बोलतात. अर्धा तास लागतो. बऱ्याचदा माणूस कडक नसतो, ओळच धड लिहिलेली नसते. "बरोबर सांगितलं" म्हणजे मॅडमना फॉर्मचं नाव पण हवं असायचं, सरांना नुसतं शिपिंग लाइन म्हटलं तरी चालायचं, ती ओळ आम्ही दुरुस्त केली.

आणि यातून सगळं अचूक कळतं असा कोणाचा समज होऊ नये. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरचे जुने अभ्यास नव्याने मोजून बघितले, त्यात ठरलेल्या प्रश्नांच्या, स्केलवर मोजलेल्या मुलाखतीचा नंतरच्या कामाशी सहसंबंध सरासरी ०.४२ आला आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. फरक मोठा आहे, पण ०.४२ म्हणजे सुद्धा बऱ्याच गोष्टी मुलाखतीत दिसत नाहीत. म्हणून प्रोबेशनच्या सहा महिन्यांनी मॅडम त्याच चार निकषांवर, त्याच स्केलवर प्रत्यक्ष कामाचे मार्क देतात आणि ते मुलाखतीच्या फॉर्मशेजारी ठेवतो. एकदोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण कुठला निकष नेहमीच मुलाखतीत वर आणि कामात खाली येतो ते हळूहळू दिसायला लागेल.

चौथ्या निकषाचं, नवीन नियम स्वतःहून शिकण्याचं, मात्र अजून नीट बसलेलं नाही. दोन्ही उमेदवारांना तिथे "पुरावा मिळाला नाही" जास्त आलं, कारण आमचा प्रश्नच "तुम्ही अपडेट कसे राहता" असा होता आणि त्याला सगळे वेबसाइट आणि व्हॉट्सअॅप ग्रुप सांगतात. मॅडमनी तो बदलून असा केलाय: गेल्या वर्षभरात कस्टम्सचं कुठलं सर्क्युलर किंवा नोटिफिकेशन वाचून तुम्ही काम करायची पद्धत बदललीत, आणि ती पहिल्यांदा कुठल्या फाइलवर वापरलीत? आता एक्स्पोर्ट डेस्कची जागा निघतेय, तिथे कागद वेगळे, शिपिंग बिल आलं, चुकाही वेगळ्या, त्यामुळे स्केलच्या ओळी त्या डेस्कच्या माणसांनीच लिहायच्या असं ठरलंय, आणि त्यांचा बनावट कागदांचा सेट अजून तयार व्हायचाय.